शॅडोइंग रोज करूनही मराठी बोलताना अडखळता? आधी हे तपासा

इंदूरच्या मराठी घरांत बिघाड साधारण एकच असतो. मराठी सगळी समजते, आजी-आजोबांनी विचारलेलं कळतं, पण उत्तर देताना तिसऱ्या शब्दाला हिंदी येते. मग कोणीतरी सुचवतं की शॅडोइंग कर, म्हणजे छोटी क्लिप लाव आणि तिच्या मागोमाग बोल. महिनाभर ते होतं आणि फरक पडत नाही. अशा वेळी सराव वाढवण्याआधी पुढची लक्षणं आपल्याला लागू पडतात का ते बघा.

लक्षणं

क्लिपच्या पहिल्या चार-पाच सेकंदांपर्यंत बरोबर जाता, मग मधला तुकडा पुटपुटण्यात जातो आणि शेवटचे दोन शब्द पुन्हा ठणठणीत येतात.

क्लिप पूर्ण म्हणता, पण संपल्यावर कोणी विचारलं की त्यात काय सांगितलं, तर सांगता येत नाही.

शब्द बरोबर येतात, पण चाल धडा वाचून दाखवल्यासारखी सपाट राहते.

ठरावीक ठिकाणीच जीभ अडते. वीस वेळा म्हटलं तरी त्याच शब्दाला.

आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं लक्षण: क्लिपबरोबर छान जमतं, पण मावशीचा फोन आला की पुन्हा "हां मौसी, वो क्या है ना..."

ही पाच लक्षणं वेगवेगळ्या कारणांनी येतात, म्हणून सगळ्यांवर एकच उपाय चालत नाही. खालचा क्रम फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या तपासणीपासून सुरू होतो. वरची गोष्ट तपासल्याशिवाय खाली उतरू नका, कारण अर्ध्याअधिक वेळा बिघाड पहिल्या तिनांतच सापडतो.

आधी शॅडोइंग म्हणजे काय ते नेमकं सांगतो, कारण नाव तेच ठेवून लोक दुसरंच करतात. क्लिप चालू असताना, ती न थांबवता, बोलणाऱ्याच्या अर्धा-पाऊण सेकंद मागून तेच शब्द त्याच चालीत मोठ्याने म्हणायचे. वाक्य पूर्ण ऐकून, क्लिप थांबवून मग म्हणणं हे शॅडोइंग नव्हे. थांबलात की मेंदूला अर्थ साठवून तो आपल्या सवयीच्या शब्दांत पुन्हा मांडायला वेळ मिळतो, आणि आपली सवय हिंदीची असते. न थांबता मागे गेलं की ती सवलत मिळत नाही, आणि या पद्धतीचा उपयोग नेमका तिथेच आहे.

१. इअरफोन

दोन्ही कानांत बोंडं घालून सराव करत असाल तर एक काढा. दोन्ही कान बंद असले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, मग आपोआप ओरडून बोललं जातं आणि चूक झाली तरी कळत नाही. क्लिपचा आवाज इतकाच ठेवा की स्वतःचा आवाज तिच्यावर स्पष्ट ऐकू येईल.

दुसरी गोष्ट ब्लूटूथची. ऐकण्यापुरतं ब्लूटूथ चालतं. पण त्याच इअरफोनच्या माइकवर रेकॉर्डिंग सुरू केलंत की बहुतेक जोड्या फोनकॉलच्या पद्धतीवर जातात आणि क्लिपचा आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. "च" आणि "स" यांतला फरक अशा आवाजात हरवतो. ज्यांना "रेकॉर्ड करायला लागलं की मला नीट ऐकूच येत नाही" असं वाटतं, त्यांच्या बाबतीत कारण बहुधा हेच असतं. वायरचा साधा इअरफोन घ्या, क्लिप एका फोनवर लावा आणि रेकॉर्डिंग घरातल्या दुसऱ्या फोनवर करा.

२. क्लिप कोणाची आणि किती लांब

क्लिप 10 ते 15 सेकंदांची हवी. चार मिनिटांचं भाषण लावून त्याच्यामागे धावणाऱ्याला शेवटी फक्त धावल्याची आठवण राहते. छोटी क्लिप एका बैठकीत आठ-दहा वेळा म्हणता येते आणि कोणत्या वेळी काय बिघडलं ते लक्षात राहतं.

आता वेग मोजा. क्लिपमधली वाक्यं एकदा लिहून काढा, अक्षरं मोजा आणि सेकंदांनी भागा. जोडाक्षर एकच धरा. सेकंदाला पाच अक्षरांपर्यंत बहुतेकांना आरामात जमतं, सहाला दम लागतो आणि सातच्या वर नवशिक्याने जाऊ नये. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, पण क्लिप निवडायला पुरतो.

वेग कमी करायचा असेल तर 0.75 पर्यंतच करा. त्याच्या खाली स्वर ताणले जातात, आघात पुसट होतात, आणि आपण कोणीच बोलत नाही अशी मराठी शिकू लागतो. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या व्हॉइस नोटचा वेग वाढवता येतो, कमी करता येत नाही. म्हणून ती नोट व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये उघडा. तिथे वेगही कमी होतो आणि दोन खुणा लावून मधला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवताही येतो.

क्लिप कसली, हेही महत्त्वाचं. आकाशवाणीच्या मराठी बातम्या उच्चारासाठी उत्तम आहेत, पण "असे त्यांनी सांगितले" ही चाल घेऊन कोणी चहाच्या टेबलावर बोलत नाही. गप्पा मारता याव्यात असं वाटत असेल तर गप्पांचीच क्लिप घ्या. पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांची व्हॉइस नोट उत्तम, मात्र सरावाला वापरतोय हे त्यांना आधी विचारा. तीही नसेल तर घरातल्या आजींना विचारा. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतली मराठी ऐकायला वेगळी लागते, म्हणून ती चुकीची ठरत नाही. तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचं आहे, त्यांची मराठी घ्या.

या तपासणीतला एक मुद्दा जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. मराठीत स्वतःबद्दल बोलतानाही क्रियापद बाई-पुरुषाप्रमाणे बदलतं: मी गेलो, मी गेले. आई, आजी, मावशी यांच्याच क्लिपांवर महिनाभर सराव केलेला मुलगा एक दिवस सहज "मी काल आले होते" म्हणतो, घरातले हसतात आणि तो बोलणंच सोडतो. निदान पहिला महिना तरी मुलाने पुरुषाची आणि मुलीने बाईची क्लिप घ्यावी.

३. डोळे कुठे आहेत

क्लिप चालू असताना समोर लिहिलेला मजकूर असेल तर तो उलटा करून ठेवा. वाक्यं लिहून काढलेला कागद दोनदाच बघायचा: सरावाच्या आधी अर्थ लागावा म्हणून, आणि सरावानंतर कुठे चुकलं ते बघायला.

याचं कारण खास इंदूरचं आहे. इथली मुलं देवनागरी शाळेत हिंदीतून शिकतात. त्यामुळे डोळ्याला "च" दिसला की तोंडातून हिंदी "च" निघतो. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही. "चहा"मधला च हिंदीसारखाच आहे, पण "चांगला"मधला च जिभेचं टोक दातांमागे लावून, "त्स"च्या जवळ निघतो. "जेवण"मधला ज एक, "जास्त" आणि "जागा"मधला दुसरा. "माझी" म्हणताना झ टाळूकडून येतो आणि "माझा" म्हणताना दातांकडून. कानाला हा फरक अगदी स्पष्ट ऐकू येतो, पण डोळे उघडे असले की कानाचं कोणी ऐकत नाही. सपाट, वाचल्यासारखी चाल हे लक्षण असेल तर नव्वद टक्के दोष कागदाचा, असं धरून चाला.

"ळ"चंही तसंच. प्रमाण हिंदीत तो नाही, म्हणून "सकाळी"चं "सकाली" होतं. वडोदऱ्याच्या मराठी मुलांना ही अडचण येत नाही, कारण गुजरातीत ळ आहे. त्यांची जीभ दुसऱ्याच ठिकाणी अडते.

४. किती मागून बोलता

रेकॉर्डिंग ऐका आणि क्लिपचा शेवटचा शब्द संपल्यावर तुमचा आवाज किती वेळ चालू राहतो ते बघा. अर्ध्या ते एक सेकंदात संपला तर ठीक. दोन सेकंद चालू राहिला तर तुम्ही वाक्यखंड पूर्ण ऐकून मग बोलताय. मधला तुकडा पुटपुटण्यात जातो तो यामुळेच: पहिला खंड म्हणेपर्यंत दुसरा निघून गेलेला असतो, मग तो सोडून तिसरा पकडावा लागतो.

उलट क्लिपबरोबरच, किंवा कणभर आधीच संपत असाल तर क्लिप पाठ झाली आहे. तुम्ही आता ऐकत नाही, आठवून बोलताय. ती क्लिप बदला.

मागे पडणाऱ्यांसाठी उपाय असा. पहिल्या दोन फेऱ्यांत शब्द म्हणूच नका. तोंड मिटून फक्त "मं मं मं" करत आवाजाची चढउतार पकडा, जिथे बोलणारा श्वास घेतो तिथेच घ्या. तिसऱ्या फेरीपासून ऐकू येतील ते शब्द घाला आणि सुटला त्याच्यामागे जाऊ नका. सुटलेला शब्द गाठायचा प्रयत्न केला की पुढचे चार सुटतात. पाचव्या-सहाव्या फेरीला भोकं आपोआप भरत येतात.

शब्द येतात पण अर्थ राहत नाही, हे दुसरं लक्षण यातच मोडतं. ते नवीन नाही. 1953 साली कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने लोकांना कानात येणारं बोलणं त्याच वेळी म्हणायला लावलं होतं. त्यांचे शब्द बरोबर येत, पण आवाज एकसुरी होई आणि मजकूर अवघड असेल तर आपण काय म्हटलं याचा त्यांना फारसा पत्ता नसे. म्हणजे कान ते तोंड असा सरळ रस्ता चालू राहतो आणि अर्थ बाजूला पडू शकतो. तपासायला सोपी युक्ती आहे: फेरी संपल्यावर लगेच, क्लिप न ऐकता, त्यातली गोष्ट एका वाक्यात सांगा. हिंदीत सांगितली तरी चालेल. सांगता आली नाही तर पुढची फेरी बोलण्याची नको, नुसती ऐकण्याची करा.

५. जीभ नेमकी कुठे अडते

इथून पुढे थोडी मेहनत आहे. वीस वेळा म्हणूनही एकाच ठिकाणी अडत असेल तर तो वेगाचा दोष नाही. 1973 साली विल्यम मार्स्लेन-विल्सन यांनी दाखवलं की काही माणसं जेमतेम पाव सेकंद मागून शॅडोइंग करू शकतात, आणि त्यांच्या चुकाही वाक्याच्या रचनेत बसणाऱ्याच असतात. म्हणजे इतक्या घाईतही डोकं पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतं. आपल्याकडे अडचण अशी की अंदाज हिंदीच्या रचनेवरून बांधला जातो आणि क्लिपमध्ये मराठी रचना येते. दोन्ही जिथे वेगळ्या होतात, तिथे जीभ थबकते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रामबागेतल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीला ठाण्याच्या मावशीकडून आलेली ही नोट, 15 सेकंदांची:

"अगं, काल मी येणार होते, पण निघायलाच उशीर झाला. मग म्हटलं, आता एवढ्या रात्री कशाला जायचं? आपण रविवारी सकाळी भेटू. तू काही जास्त करत बसू नकोस. पोहे कर फक्त. माझी साडी तुझ्याकडे राहिलीय, ती विसरू नकोस."

अक्षरं 90, म्हणजे सेकंदाला सहा. कठीण, पण आवाक्यातली. पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती "रात्री"पर्यंत ठीक गेली, "करत बसू नकोस"ला अडली, "पोहे कर फक्त" सुटलं आणि "माझी साडी"पासून पुन्हा पकडलं. वेग 0.75 केल्यावरही अडण्याची जागा तीच राहिली. म्हणून वेग बाजूला ठेवला आणि रचना बघितली.

हिंदीत नकार क्रियापदाच्या आधी येतो: मत बैठो, नहीं आऊंगी. मराठीत तो बहुधा नंतर येतो: बसू नकोस, येणार नाही. "तू काही जास्त" ऐकल्यावर तिचं डोकं नकाराची वाट बघत होतं, तो आला नाही, म्हणून "करत" हा शब्द होकारासारखा वाटला आणि "नकोस" आल्यावर सगळं पुन्हा जुळवावं लागलं. तेवढ्यात पोहे निघून गेले. तिने "बसू नकोस" ऐवजी एकदा "नको बसू" म्हटलं होतं, त्यावरून हे लक्षात आलं. "नको बसू" किंवा "मी नाही गेलो" हेही मराठीच आहे, पण तिथे नकारावर जोर पडतो. प्रत्येक वाक्यात तो जोर आला की मावशीला वाटतं पोरगी रागावली आहे.

याच क्लिपमध्ये आणखी दोन जागा होत्या. "निघायलाच"मधला च तिच्याकडून दर वेळी गळत होता, कारण हिंदीतला "ही" सुटा शब्द असतो आणि मराठीतला च शेपटासारखा चिकटतो. तो गळला की "निघायलाच उशीर झाला" यातली सबब निघून जाते. आणि "आपण रविवारी भेटू"ऐवजी ती एकदा "आम्ही" म्हणाली. हिंदीत दोन्हींना "हम" आहे. मराठीत "आम्ही" म्हटलं की ऐकणारी त्यातून वगळली जाते. असा शब्द बदलून आला तर समजा की तोंड चालू आहे आणि अर्थ बंद आहे. मागची तपासणी पुन्हा करा.

दुरुस्ती अशी केली. दोन खुणा लावून फक्त "तू काही जास्त करत बसू नकोस" एवढंच फिरवलं, पूर्ण वेगात, दहा वेळा. मग नकार शेवटी असलेली चार वाक्यं क्लिपशिवाय म्हटली: उगाच धावू नकोस, आईला सांगू नकोस, मी येणार नाही, मला माहीत नाही. मग पुन्हा पूर्ण क्लिप. तिसऱ्या दिवशी ती जागा सुरळीत झाली आणि पोहेही आपोआप परत आले, त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. अडलेल्या शब्दानंतर जे सुटतं ते बहुतेक वेळा निर्दोष असतं. दुरुस्ती आधीच्या जागी करायची असते.

प्रत्येकाची जागा वेगळी असेल. शोधायची रीत एकच: तीन फेऱ्यांचं रेकॉर्डिंग, कागदावर वाक्यं, आणि जिथे अडलं, गळलं किंवा बदललं तिथे खूण. तीनही वेळा खूण एकाच शब्दावर पडली तर त्या शब्दाच्या आधीचे दोन-तीन शब्द हिंदीत म्हणून बघा. फरक बहुधा तिथेच दिसतो. खुणा दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडत असतील तर रचनेचा दोष नाही, क्लिप लांब किंवा वेगवान आहे. दुसऱ्या तपासणीकडे परत जा.

६. क्लिपबरोबर जमतं, फोनवर जमत नाही

हे सगळ्यात चिवट आणि याला वेळ लागतो. शॅडोइंगमध्ये शब्द शोधावा लागत नाही, तो कानात तयार येतो. जीभ, श्वास, चाल आणि कान यांचा सराव होतो, पण काय बोलायचं ते ठरवून शब्द निवडायचा सराव होत नाही. जपानमध्ये इंग्रजीच्या वर्गांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात, तीही मुख्यतः ऐकणं सुधारण्यासाठी. म्हणून नुसत्या शॅडोइंगने बोलणं सुटेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. क्लिप संपल्यावर पुढची दहा मिनिटं काय करता, त्यावर बरंच अवलंबून आहे.

त्याच क्लिपचं उदाहरण पुढे नेऊ. आवाज बंद करून पहिल्यांदा तिने निरोप जसाच्या तसा म्हटला. मग एकच गोष्ट बदलली: साडीच्या जागी डबा. लगेच बाकीचंही हललं: "माझा डबा तुझ्याकडे राहिलाय, तो विसरू नकोस." झ दातांकडे सरकला, राहिलीयचं राहिलाय झालं, ती-चा तो झाला. मग पुस्तक: "माझं पुस्तक तुझ्याकडे राहिलंय, ते विसरू नकोस." हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे पहिल्या दिवशी इथे "माझी पुस्तक" आलं. ते यायलाच हवं होतं, कारण हिंदीत किताब स्त्रीलिंगी आहे. अशी चूक शॅडोइंगमध्ये कधीच दिसली नसती, कारण तिथे क्लिप उत्तर देत होती.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वार, वस्तू, मग माणूस. मावशीऐवजी काका बोलत असतील तर "येणार होतो". तीन बदल जमले की शेवटचं पाऊल: घरातल्या कोणीतरी प्रश्न विचारायचा, "मावशी का नाही आली?", आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यायचं. उत्तर देताना हिंदी शब्द आला तर थांबू नका, वाक्य पूर्ण करा आणि नंतर तेवढा शब्द विचारून घ्या. विचारणाऱ्यालाही सांगून ठेवा की मध्येच दुरुस्ती करायची नाही. आजोबांना हे जड जातं, पण दर दोन शब्दांनी टोकलं की माणूस हिंदीच्या आडोशाला जातो.

रोजचं माप म्हणाल तर पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. दोन फेऱ्या ऐकायच्या, दोन गुणगुणायच्या, पाच-सहा बोलायच्या, त्यातली एक रेकॉर्ड करायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं, आणि उरलेली दहा मिनिटं क्लिपशिवायची. एक क्लिप तीन-चार दिवस पुरते. पाठ झाली की सोडा. घाईत वेळ कमी पडला तर शॅडोइंगचा भाग कापा, क्लिपशिवायचा कापू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण क्लिपबरोबर बोलताना बरं वाटतं.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

घसा खवखवू लागला की त्या दिवशी थांबा आणि पाणी प्या. आवाज बसला असेल तर कुजबुजत सराव करू नका, त्यानेही घशाला ताण पडतो. विश्रांती घेऊनही घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. हे काम घरगुती काढ्यावर सोडू नका.

क्लिपचा आवाज दर आठवड्याला वाढवावा लागतोय, वायरचा इअरफोन असूनही स, श, त यांत गोंधळ होतोय, किंवा एका कानाने ऐकलं की कळत नाही आणि दुसऱ्याने कळतं, तर उच्चाराचा विचार बाजूला ठेवा आणि श्रवणतपासणी करून घ्या.

रचनेच्या चुका वर सांगितलेल्या रीतीने तीन-चार आठवडे करूनही तशाच राहिल्या तर शिकवणारं माणूस हवं. क्लिप चूक दाखवते, नियम समजावत नाही. मराठी नीट समजावून सांगू शकेल अशा व्यक्तीबरोबर आठवड्यातून एक तास बसणं हे रोजच्या आणखी अर्ध्या तासाच्या क्लिपपेक्षा जास्त कामाचं.

शेवटची गोष्ट सगळ्यात काळजीपूर्वक बघायची. काहींच्या बाबतीत शॅडोइंग अगदी झुळझुळीत होतं, पण एरवी बोलताना पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं, आवाज अडकून राहतो, मान किंवा ओठ ताणले जातात, आणि हे हिंदीतही तितकंच होतं. ज्याला मराठी शब्द आठवत नाही तो शब्दाआधी थांबतो आणि हिंदीत मोकळा होतो. हे अडखळणं वेगळं आहे: शब्द माहीत असतो, पण बाहेर येत नाही. तोतरेपणात दुसऱ्याच्या आवाजाबरोबर बोलताना अडखळणं बरंच कमी होतं, त्यामुळे क्लिपबरोबर सगळं ठीक वाटतं आणि घरचे म्हणतात की ठरवलं तर येतं याला. ठरवण्याचा इथे संबंध नाही. असं दिसलं तर सराव वाढवू नका, टोकू नका आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जा. मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात याची चौकशी करता येते. जाताना दोन रेकॉर्डिंग बरोबर न्या, एक क्लिपबरोबर बोलतानाचं आणि एक मोकळ्या गप्पांचं, दोन्ही दोन-दोन मिनिटांची, आणि गप्पांचं मराठी-हिंदी दोन्हीतलं असू द्या.